वाजली की गेली: स्थिर हाताला गुण देणारा मनोऱ्याचा खेळ

काडेपेट्या, खोडरबर, पट्ट्या एकावर एक रचायच्या आणि ज्याच्या हातून मनोरा पडेल तो हरला. एवढा खेळ कुणालाही बसल्या जागी सुचतो आणि तो रंगतोही. मात्र डाव संपल्यावर विचारून बघा, सगळ्यांत स्थिर हात कुणाचा होता? उत्तर मिळत नाही. १९८३ साली बाजारात आलेल्या जेंगाचंही असंच आहे. त्यात ५४ लाकडी ठोकळे असतात, तीन-तीनचे १८ थर लागतात, आणि डाव संपतो तेव्हा कोण हरलं एवढंच कळतं. बाकीच्यांत कोण सरस होतं, हे तो खेळ सांगत नाही. त्याला ते सांगायचंही नाही. त्याची मजा धाकधुकीत आहे.

आपल्याला मात्र हाताचं मोजमाप करायचं आहे, आणि त्यासाठी नुसतं कोसळणं फार कच्चं माप आहे. एक तर ते अख्ख्या डावात एकदाच घडतं. शिवाय जो पाडतो त्याचीच चूक असते असंही नाही. आधीच्या भिडूने वाकडी ठेवलेली पट्टी पुढच्याच्या गळ्यात पडते. आणि जो थरथरत्या हाताने वस्तू ठेवतो पण मनोरा कसाबसा उभा राहतो, त्याचं आणि अलगद ठेवणाऱ्याचं फळ सारखंच. म्हणून या लेखातला खेळ प्रत्येक खेळीत, मनोरा उभा असतानाच, हात किती हलला हे मोजतो.

आधी कसोटी ठरवा

नियम लिहायला बसण्याआधी एक गोष्ट ठरवून ठेवा: आपली गुणपद्धत खरोखर स्थिर हातालाच गुण देते आहे, हे कळणार कसं? यासाठी दुसरा माणूससुद्धा लागत नाही. एकाच माणसाने तोच खेळ एकदा सरावाच्या हाताने आणि एकदा दुसऱ्या हाताने खेळायचा. डोकं तेच, नजर तीच, वस्तू त्याच, बदलला तो फक्त हात. दोन्ही हातांचे गुण जवळजवळ सारखे येत असतील तर तुमचा खेळ नशीब मोजतो आहे, नाहीतर धाडस, नाहीतर कुणाची पाळी कधी आली ते. सरावाचा हात ठळकपणे पुढे असेल तर पद्धत मार्गावर आहे. पुढचा प्रत्येक निर्णय या कसोटीवर घासून बघायचा आहे.

वस्तू

तीन भिडूंसाठी २४ वस्तू लागतात, प्रत्येकी आठ. त्यांचे तीन गट करा. सपाट: काडेपेटी, खोडरबर, पत्त्यांचा बंद डबा. लांब: छोटी पट्टी, पेन्सिल, आइस्क्रीमची काडी, कपड्यांचा चिमटा. अवघड: उभा ठेवायचा सेल, दोऱ्याचं रिकामं रीळ, बाटलीचं बूच, फासा. प्रत्येक भिडूला तीन सपाट, तीन लांब आणि दोन अवघड, अशा शक्य तितक्या सारख्या वस्तू मिळायला हव्यात. वस्तू मधे ओतून "हवी ती उचला" असं केलं तर सपाट वस्तू पहिल्या दोन फेऱ्यांत संपतात आणि शेवटी पाळी असलेला मार खातो. चिठ्ठ्या टाकल्या तर सगळं नशिबावर जातं. सारखा वाटा दिला आणि त्यातलं काय कधी ठेवायचं ते ज्याच्या त्याच्यावर सोडलं, की दोन्ही अडचणी सुटतात.

वस्तू निवडताना वजनापेक्षा घसरण जास्त महत्त्वाची. ३० सेंटिमीटर लांबीचा जाड पुठ्ठा घ्या, त्यावर वस्तू ठेवा आणि एक कड सावकाश उचला. कड सहा सेंटिमीटर उचलण्याआधीच वस्तू घसरली तर ती फार निसरडी आहे. अशा वस्तूने पडलेला मनोरा हाताबद्दल काहीच सांगत नाही. उलट कड १८ सेंटिमीटरच्या वर गेली तरी वस्तू चिकटून राहत असेल तर ती चूक झाकते. नवं रबर असं करतं, म्हणून त्याच्या भोवती कागदाची पट्टी गुंडाळून चिकटवावी. या दोन टोकांच्या मधल्या वस्तू चांगल्या. काच आणि धारदार वस्तू नकोतच. घरात तीन वर्षांखालचं मूल असेल तर गोटी, फासा आणि बूच खेळ झाल्याबरोबर उचलून ठेवावे लागतात, कारण ते तोंडात जाऊन घशात अडकू शकतात. बटणासारखे चपटे सेल तर घेऊच नका.

पाया

पायासाठी एक वाटी पालथी घाला. तोंड खाली गेल्याने ती पक्की बसते आणि वर पाच-सहा सेंटिमीटरचा सपाट तळ मिळतो. ताट किंवा पुस्तक घेतलं तर भिडू वस्तू शेजारी-शेजारी मांडत जातात आणि मनोऱ्याची पथारी होते.

पायाची रुंदी किती असावी याला साधा हिशेब आहे. तोल सांभाळला जातो तो वजनाचा मध्य पायाच्या आत असेपर्यंत. पाया सहा सेंटिमीटर रुंद असेल आणि वजनाचा मध्य सहा सेंटिमीटर उंचीवर असेल, तर अखंड ठोकळा उलटायला तो सुमारे २७ अंश कलावा लागतो. मध्य १५ सेंटिमीटरवर गेला की ११ अंश पुरतात. आपला मनोरा अखंड ठोकळा नसतो, सांध्यांतून तो आधीच सरकतो, म्हणजे प्रत्यक्षात याहून कमीच. २४ वस्तूंचा मनोरा साधारण डावाच्या मध्यानंतर या नाजूक टप्प्यात येतो, आणि आपल्याला तेच हवं आहे. पहिल्याच फेरीत तो डुलायला लागला तर पाया अरुंद आहे. शेवटच्या फेरीपर्यंत निवांत उभा राहत असेल तर पाया रुंद आहे.

वाटीखाली दुमडलेलं वर्तमानपत्र घाला. टेबलाला कुणाचा गुडघा लागला तर धक्का थोडा जिरतो आणि पडणाऱ्या वस्तूंचा खडखडाटही कमी होतो. पंखा मात्र बंद करा. वाऱ्याचा त्रास हे एक कारण, पण खरं कारण पुढे येतं आहे: या खेळात ऐकावं लागतं.

साक्षीदार

हा या खेळाचा जीव आहे. धातूचं छोटं झाकण घ्या, काचेच्या बाटलीचं दातेरी झाकण उत्तम. साधारण तीन सेंटिमीटर व्यासाचं, कड थोडी उंच. आत प्लास्टिकचा थर असेल तर तो खरवडून काढा. झाकण उलटं, म्हणजे उघडी बाजू वर करून ठेवा आणि त्यात एक काचेची गोटी सोडा. झाला साक्षीदार तयार. हात जरा हलला, झाकण कललं, की गोटी एका कडेवरून दुसऱ्या कडेवर जाते आणि टिक वाजते.

साक्षीदार कायम मनोऱ्याच्या माथ्यावर असतो. पाळी आली की भिडू तीन हालचाली करतो. साक्षीदार माथ्यावरून उचलून टेबलावर आखलेल्या गोलात ठेवतो. मग आपली वस्तू मनोऱ्यावर ठेवतो. मग साक्षीदार परत उचलून मनोऱ्यावर ठेवतो, अशा बेताने की तो नुकत्याच ठेवलेल्या वस्तूला कुठेतरी टेकलेला असेल. हात सोडला की सगळे मिळून सावकाश तीन अंक मोजतात. पहिल्या उचलण्यापासून "तीन" म्हणेपर्यंत गोटी वाजली नाही तर खेळी नि:शब्द. वाजली तर शांततेचे गुण गेले.

"टेकलेला असेल" एवढंच म्हटलं आहे, "बरोबर वर असेल" असं नाही, याला कारण आहे. झाकणापेक्षा गोटी जड असते. ती कडेला सरकली की सगळं वजन तीन-चार मिलिमीटर बाजूला जातं. पेन्सिलीच्या अरुंद पाठीवर एवढी चूक परवडत नाही, साक्षीदार पडतोच. पण अर्धा पेन्सिलीवर आणि अर्धा शेजारच्या रबरावर टेकवला तर राहतो, आणि ती जागा शोधणं हीच गंमत आहे.

गोटी किती नाजूक असावी, हे आधी जुळवून घ्यावं लागतं. चार वस्तूंचा छोटा मनोरा उभा करा. साक्षीदार माथ्यावरून उचलायचा, गोलात ठेवायचा, परत माथ्यावर ठेवायचा. हे सरावाच्या हाताने २० वेळा करा आणि दुसऱ्या हाताने २० वेळा. सरावाचा हात दहा-बारा वेळा शांत राहिला आणि दुसरा पाचेक वेळा, तर साक्षीदार जुळला. दोन्ही हात १८-१९ वेळा शांत राहत असतील तर तो बहिरा आहे. गोटी बदलून लहान घ्या, म्हणजे तिला आत फिरायला जास्त जागा मिळेल. दोन्ही हातांत जेमतेम एक-दोनदाच शांतता मिळत असेल तर तो फार तिखट आहे. झाकणाच्या तळाशी कागदाची गोल चकती बसवा. तरीही वाजत राहिला तर कागदाऐवजी सुती कापडाची चकती घाला. कापडावर गोटी अडखळत जाते, त्यामुळे बारीकसारीक कंप माफ होतात.

हे कंप कुणालाच चुकत नाहीत. निरोगी माणसाचा हातही सेकंदाला साधारण ८ ते १२ वेळा बारीक थरथरत असतो, आणि हात लांब करून अधांतरी धरला की ही थरथर नजरेला दिसू लागते. कोपर टेकवला की कमी होते. म्हणून कोपराचा नियम आधीच ठरवावा लागतो. माझं मत: मोठ्यांनी कोपर टेकवायचा नाही, मुलांनी खुशाल टेकवावा. नियम न ठरवता खेळलात तर तिसऱ्या फेरीत यावरून भांडण होणार, हे नक्की.

गुण किती आणि का

सपाट वस्तू ठेवली तर १ गुण, लांब २, अवघड ३. खेळी नि:शब्द झाली तर वर २ गुण. पडझड झाली तर खाली आलेल्या प्रत्येक वस्तूमागे १ गुण वजा, पण एका पडझडीत पाचाच्या वर कधीच नाही. साक्षीदार पडला तर तोही एक वस्तू धरायचा. तुमची नवी वस्तूच पडली तर त्या खेळीचे मिळकतीचे गुण शून्य. पडलेल्या वस्तू खेळातून बाद होतात, उभं आहे त्यावर डाव पुढे चालतो. आठ फेऱ्या झाल्या की बेरीज.

हे आकडे बदलायचे तर बदला, पण त्यांच्यातलं नातं सांभाळा. काडेपेटी शांतपणे ठेवली की १ आणि २ मिळून ३ होतात. सेल खडखडवत उभा केला तरी ३. म्हणजे अलगद हात आणि अवघड वस्तू यांची किंमत सारखी आहे, आणि दोन्ही साधलं तर ५. शांततेचे गुण जोडायचेच, दुप्पट करायचे नाहीत. दुप्पट केले तर शांत काडेपेटीला २ आणि शांत सेलला ६ मिळतात. मग सगळे अवघड वस्तूंवरच शांततेचा जुगार खेळतात आणि सपाट वस्तू उरकून टाकतात.

दंडाला पाचाची मर्यादा का? कोणतीही पडझड न होता आणि एकदाही शांतता न साधता आठ वस्तूंचे १५ गुण होतात. सगळ्या खेळ्या शांत झाल्या तर ३१. म्हणजे अगदी स्थिर आणि अगदी धसमुसळ्या हातात १६ गुणांचं अंतर आहे. एकाच पडझडीला १० गुण दंड लावला तर या अंतरातला मोठा घास एका क्षणात जातो आणि आपण परत "पाडणारा हरला" या जागी येऊन पोचतो.

आता गळ्यात पडलेल्या वाकड्या मनोऱ्याचं. पुढचा भिडू साक्षीदाराला हात लावेपर्यंत जे पडेल ते आधीच्याच्या नावावर. हात लागला की त्याच्या नावावर. शिवाय प्रत्येकाला डावात एकदा डागडुजी करता येते. वस्तू ठेवण्याऐवजी, साक्षीदार उतरवून, मनोऱ्यातली एक वस्तू एका हाताने सरळ करायची, साक्षीदार परत ठेवायचा आणि आपल्याकडची एक वस्तू बाद करायची. तिला १ गुण, नि:शब्द झाली तर वर २. सपाट वस्तू बाद केली तर तोटा काहीच नाही, पण ही सवलत एकदाच. अमर्याद ठेवली तर लोक अवघड वस्तू कधी ठेवतच नाहीत.

एक फेरी

तिसरी फेरी चालू आहे असं धरा. वाटीवर काडेपेटी, त्यावर पट्टी, तिच्यावर चार सपाट वस्तू, माथ्यावर साक्षीदार. पहिला भिडू खोडरबर ठेवतो. गोटी गप्प. १ आणि २, झाले ३.

दुसरा सेल काढतो. रबरावर उभा करतो, साक्षीदार सेलच्या डोक्यावर ठेवताना गोटी एकदा टिक करते. मनोरा उभा. अवघड वस्तूचे ३, शांततेचे शून्य. एकूण ३. पहिल्याइतकेच.

तिसऱ्यापुढे आता सेलचा खांब आहे. तो डागडुजी राखून ठेवतो आणि सेलवर पट्टी आडवी टाकायचं धाडस करतो. पट्टी बसते, साक्षीदारही आवाज न करता बसतो. हात सोडून मोजणी सुरू होते. "एक, दोन" म्हणेपर्यंत पट्टी कलते, पट्टी, सेल आणि साक्षीदार असे तिघे खाली. पट्टी नवी होती, म्हणून मिळकत शून्य, वर ३ वजा.

साध्या नियमात डाव इथेच संपला असता आणि तिसरा हरला असता. आपल्या नियमात अजून पाच फेऱ्या आहेत. समजा आधीच्या दोन आणि पुढच्या पाच फेऱ्यांत मिळून त्याने बाकीच्या सात वस्तू नीट ठेवल्या: तीन सपाट, दोन लांब, दोन अवघड, म्हणजे १३ गुण. त्यांतल्या पाच खेळ्या नि:शब्द, १० गुण. २३ मधून पडझडीचे ३ वजा, उरले २०. दुसऱ्या भिडूने काहीच पाडलं नाही, आठही वस्तू ठेवल्या, १५ गुण, पण शांतता दोनदाच साधली, ४ गुण. एकूण १९. म्हणजे ज्याने मनोरा पाडला तो, कधीच न पाडणाऱ्याच्या पुढे गेला. हे पहिल्यांदा खेळणाऱ्यांना खटकतं. पण दुसऱ्याचा हात आठांपैकी सहा वेळा हलला होता, हेही त्याच कागदावर लिहिलेलं आहे.

कसोटीला लावणं

आता दोन हातांची कसोटी. आठ वस्तूंचा एकच संच, ठेवायचा क्रमही एकच. एकदा सरावाच्या हाताने, एकदा दुसऱ्या, अशा पाच जोड्या. आधी पाचही डाव एकाच हाताने खेळू नका, कारण खेळता खेळता सराव होतो आणि नंतर खेळलेल्या हाताला त्याचा फायदा मिळतो. जोडीगणिक सुरुवातीचा हातही बदलत राहा.

समजा सरावाच्या हाताला २२, १९, २४, २०, २३ मिळाले आणि दुसऱ्याला १५, २०, १३, १६, १४. सरासरी २१.६ आणि १५.६, फरक ६ गुणांचा. आता एकाच हाताचे गुण किती वरखाली होतात ते पाहा: सरावाच्या हातात १९ ते २४, म्हणजे ५. दुसऱ्यात १३ ते २०, म्हणजे ७. हातांमधला फरक या चढउताराच्या तोडीचा आहे आणि पाचांपैकी चार जोड्यांत सरावाचा हात पुढे आहे. एक जोडी उलटली, ते चालतं. दर वेळी तोच जिंकणार असेल तर खेळायचं कशाला?

याच्या शेजारी नुसत्या उंचीची पद्धत ठेवून बघा, म्हणजे कोसळेपर्यंत किती वस्तू चढल्या ते मोजायचं. सरावाच्या हाताला ९, १२, ७, ११, ८ आणि दुसऱ्याला १०, ८, ९, ७, १० असं काहीसं आलं, तर सरासरी ९.४ आणि ८.८. एकाच हातात पाच वस्तूंचा चढउतार आणि दोन हातांत अर्ध्याचा फरक. अशा आकड्यांत हाताची सही कुठेच दिसत नाही.

तुमच्या आकड्यांत फरक कमी आला तर आधी साक्षीदार तपासा, गुण नंतर. नि:शब्द खेळ्या दोन्ही हातांत सारख्याच येत असतील तर तो बहिरा किंवा तिखट झाला आहे, चकती बदला. नि:शब्द खेळ्यांत फरक आहे पण बेरजेत दिसत नाही, असं असेल तर पडझडीचे गुण त्याला गिळत आहेत. दंडाची मर्यादा पाचावरून तीनवर आणा किंवा पाया थोडा रुंद करा.

पळवाटा

चार डाव झाले की लोक शहाणे होतात. पहिली युक्ती म्हणजे झाकण मुद्दाम एका बाजूला किंचित कलतं धरायचं. गोटी त्या कडेला जाऊन बसते आणि वाजत नाही. मी ही युक्ती बंद करत नाही. कल शेवटपर्यंत तसाच राखायला आणि मग अलगद सपाट करायला हात स्थिरच लागतो. गोटीला बोट लावणं मात्र बाद. झाकण फक्त कडेने, दोन बोटांत धरायचं.

दुसरी: वस्तू मनोऱ्यावर न ठेवता वाटीच्या रिकाम्या जागेत टेकवायची. पहिली वस्तू सोडून नव्या वस्तूने टेबलाला किंवा वाटीला शिवायचं नाही, एवढ्या नियमाने हे थांबतं. तिसरी, पुढच्याला अडचणीत आणायला मुद्दाम वाकडं ठेवणं. इथे साक्षीदारच कामी येतो, कारण वाकड्या वस्तूला टेकवून तो आधी तुम्हालाच ठेवायचा असतो.

वेळकाढूपणाही होतो. वेळेची मर्यादा घालावी, पण सैल. अमेरिकी मानसशास्त्रज्ञ पॉल फिट्स यांनी १९५४ साली हाताच्या हालचालींचा जो नियम मांडला, त्याचा मथितार्थ असा की नेमायची जागा जितकी लहान आणि दूर, तितका वेळ जास्त लागतो. मनोरा चढेल तशी चुकीला जागा कमी होत जाते, म्हणून १० सेकंदांची मर्यादा लावली तर शेवटच्या फेऱ्यांत घाईलाच गुण मिळू लागतात. ४० सेकंद ठेवा. गोटी वाजली की नाही हे ठरवणारा एकच माणूस असावा: ज्याची पाळी पुढची आहे तो. बाकीच्यांनी ओरडायचं नाही. त्यालाच शंका असेल तर खेळी नि:शब्द धरायची.

लहान-मोठे एकत्र खेळताना

गुणांमध्ये सूट देऊ नका, मुलांना ती लगेच ओळखू येते आणि आवडत नाही. त्यापेक्षा साधन बदला. मोठ्यांनी वस्तू बोटांनी न उचलता लांब चिमट्याने ठेवायच्या. मनगट एक अंश हललं तर मनगटापासून पाच सेंटिमीटरवरचं टोक जेमतेम एक मिलिमीटर सरकतं, २० सेंटिमीटरवरचं टोक साडेतीन. चिमटा जितका लांब तितकी थरथर मोठी होऊन टोकाशी पोचते. साक्षीदार मात्र सगळ्यांनी हातानेच हलवायचा, नाहीतर शांततेचे गुण कुणालाच मिळत नाहीत.

चिमटा किती लांब घ्यायचा, हे पुन्हा त्याच कसोटीने ठरवा. मुलाने हाताने पाच डाव खेळायचे, मोठ्याने चिमट्याने पाच. मोठा अजून चार-पाच गुणांनी पुढे असेल तर चिमटा आणखी मागून, शेवटच्या टोकाशी धरायला लावा. मुलगा सतत जिंकू लागला की पकड बोटभर पुढे सरकवा. चिमट्यावर रंगीत दोरा बांधून पकडीची जागा ठरवली की दर वेळी नव्याने घासाघीस होत नाही, आणि मुलाचा हात सुधारेल तसा दोरा पुढे सरकवता येतो.